शाफ्ट पोकळ घ्यावा की भरीव?

एका बॉल मिलचा विचार करू. चिनी मातीच्या भांड्यांसाठी लागणारं दगडाचं पीठ दळणारा हा एक मोठा पिंप असतो. आत पोलादाचे किंवा गारेचे गोळे, बाहेरून दात्यांचं कडं, आणि त्या कड्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक. मोटर ७५ किलोवॉटची आहे आणि मिनिटाला १४८० फेरे घेते. गिअरबॉक्समधून बाहेर येताना वेग १५० फेऱ्यांवर उतरतो. गिअरबॉक्स आणि त्या छोट्या दातेरी चाकाच्या मध्ये दीड मीटर लांबीचा एक शाफ्ट आहे, दोन्ही टोकांना कपलिंग. या शाफ्टचा व्यास किती ठेवायचा? आणि तो भरीव गजाचा करायचा की आतून पोकळ?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा प्रश्न हमखास येतो. उत्तराच्या शेवटी विद्यार्थी लिहितो की पोकळ शाफ्टमध्ये इतके टक्के वजन वाचलं, म्हणून पोकळ शाफ्ट चांगला. तरीही कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये गेलात, तर लेथवर चढवलेले बहुतेक शाफ्ट भरीवच दिसतात. तिथल्या कारागिरांना गणित येत नाही असं मुळीच नाही. त्यांच्यापुढचं गणित वहीतल्यापेक्षा थोडं मोठं असतं, एवढंच.

आधी वहीतलं गणित पाहू, कारण त्याशिवाय पुढचं उलगडणार नाही. शाफ्टला किलोवॉट कळत नाहीत. त्याला कळतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. तीच शक्ती सावकाश फिरून पोचवायची असेल तर प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लावावा लागतो, आणि भरभर फिरून पोचवायची असेल तर कमी. हिशेब सोपा आहे: किलोवॉटला ९५५० ने गुणायचं आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागायचं. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. आपल्या शाफ्टसाठी ७५ गुणिले ९५५०, भागिले १५०, म्हणजे ४७७५ न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४८७ किलो वजन टांगल्यावर नटावर जो पीळ येईल, तेवढा हा पीळ.

पण बॉल मिल शांतपणे सुरू होत नाही. रात्रभर थांबलेल्या पिंपात गोळे आणि ओला माल तळाशी बसलेला असतो. मोटर चालू होताच तो सगळा ढीग उचलावा लागतो. त्या क्षणी शाफ्टवरचा पीळ नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून हिशेबात दीडपट धरू. आता ७१६० न्यूटन-मीटर झाले.

हा पीळ सोसताना पोलादाच्या पृष्ठभागावर किती ताण येऊ द्यायचा, ते आपण ठरवायचं. ईएन ८ हे वर्कशॉपमध्ये सर्रास मिळणारं मध्यम कार्बनचं पोलाद. शाफ्टला चावीसाठी खाच पाडायची आहे आणि तो रोज सुरू-बंद होणार आहे, हे लक्षात घेऊन चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन ही मर्यादा धरणं शहाणपणाचं. अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९२७ साली शाफ्टसाठी जी नियमावली काढली, तिच्यातही खाच असेल तर परवानगीचा ताण पाव हिश्श्याने कमी करा असं सांगितलं होतं. खाचेचे कोपरे ताण गोळा करतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

या आकड्यांवर भरीव शाफ्टचा व्यास बरोबर ९० मिलिमीटर येतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. पीळ दुप्पट झाला म्हणून व्यास दुप्पट लागत नाही, साधारण सव्वापट पुरतो. उलट, हीच ७५ किलोवॉट शक्ती मोटरच्या १४८० फेऱ्यांवर न्यायची असती, तर याच हिशेबाने ४२ मिलिमीटरचा शाफ्ट पुरला असता. म्हणून जाड शाफ्ट नेहमी गिअरबॉक्सच्या पलीकडे दिसतो. मात्र त्या मोटरचा स्वतःचा शाफ्ट मोजलात तर तो ७५ मिलिमीटर भरतो, ४२ नाही. मोटर बनवणाऱ्याला ठाऊक असतं की कुणीतरी तिच्यावर पुली चढवून पट्टे कचकचीत ताणणार आहे. पट्टा शाफ्टला पिळतो तसाच वाकवतोही. आपल्या शाफ्टला दोन्हीकडे कपलिंग आहे, म्हणून आपण फक्त पिळाचा हिशेब केला. पुली किंवा चेन असती तर वाकण्याचा हिशेब त्यात मिळवावाच लागला असता.

आता पोकळपणाकडे येऊ. जात्याचा खुंटा मधोमध कधीच नसतो, कडेला असतो. मध्याजवळ धरून जातं फिरवायला गेलं तर तेवढ्याच जोरात पाळू हलणारही नाही. शाफ्टमधल्या पोलादाचंही तसंच आहे. मध्यापासून लांब असलेला कण पीळ पेलण्यात जास्त उपयोगी पडतो, कारण त्याला अंतराचा फायदा मिळतो. शिवाय शाफ्ट पिळला जाताना मध्याजवळचे कण जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ताणही येत नाही. बाहेरचे कण सर्वांत जास्त सरकतात आणि सर्वांत जास्त ताण घेतात. म्हणजे आतलं पोलाद दोन्ही बाजूंनी मागे पडतं: जोरही कमी, अंतरही कमी. नव्वदच्या शाफ्टमध्ये मधोमध ४५ मिलिमीटरचं भोक पाडलं तर पाव वजन निघून जातं, पण ताकद फक्त सोळावा हिस्सा घटते. मधल्या पाव हिश्श्याचं काम एवढंच होतं.

हा सोळावा हिस्सा भरून काढायला बाहेरचा व्यास किंचित वाढवावा लागतो. आपल्या मिलसाठी, भोक बाहेरच्या व्यासाच्या ०.६ पट ठेवलं तर बाहेरचा व्यास ९०चा ९४.३ होतो. वजन मीटरला ५० किलोवरून ३५ किलोवर येतं. भोक ०.८ पट केलं तर व्यास १०७ च्या थोडा पुढे जातो आणि वजन साडेपंचवीस किलोवर उतरतं, म्हणजे निम्मं. आणखी पुढे जाऊन ०.९ पट केलं तर व्यास साडेअठ्ठावीसने शंभरी ओलांडतो, भिंत जेमतेम साडेसहा मिलिमीटरची उरते आणि वजन एकोणीस-वीस किलो होतं. सुरुवातीला व्यास फारसा न वाढवता भरपूर वजन वाचतं. पुढे तेवढंच वजन वाचवायला व्यास झपाट्याने वाढवावा लागतो.

इथेच एक गैरसमज जन्माला येतो. ‘पोकळ शाफ्ट भरीवपेक्षा मजबूत असतो’ असं वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. वजन समान असेल तर ते खरं आहे. नव्वदच्या भरीव शाफ्टएवढंच पोलाद घेऊन, भोक ०.६ पट ठेवून, साडेबारा वर शंभर मिलिमीटरचा शाफ्ट केला, तर तो सत्तर टक्के जास्त पीळ सोसेल. पण बाहेरचा व्यास समान असेल तर भरीवच जास्त मजबूत, थोडासा का होईना. यंत्रात शाफ्टला जागा किती आहे, यावर यातली कुठली तुलना लागू होते ते ठरतं. गिअरबॉक्सचं भोक ९०चं ठरलेलं असेल तर पोकळ केल्याने ताकद वाढणार नाही.

पिळाच्या हिशेबात पोकळ शाफ्टला आणखी एक गुण मिळतो. नव्वदचा भरीव शाफ्ट नेहमीच्या भाराखाली मीटरला साधारण अर्ध्या अंशाने पिळला जातो. तेवढ्याच ताकदीचा १०७चा पोकळ शाफ्ट त्याहून कमी पिळला जातो, कारण पृष्ठभागावरचा ताण तोच ठेवला तर पिळाचा कोन व्यासाच्या उलट प्रमाणात घटतो. जुन्या मंडळींचा एक अंगठेनियम आहे: व्यासाच्या वीसपट लांबीत एक अंशापेक्षा जास्त पीळ नको. आपले दोन्ही शाफ्ट त्यात बसतात.

मग बॉल मिलला पोकळ शाफ्ट का घालू नये? याचं उत्तर शाफ्टच्या मध्यात सापडत नाही. ते टोकांशी आहे.

कपलिंग शाफ्टवर घट्ट बसावं म्हणून चावी घालतात, आणि चावीसाठी शाफ्टमध्ये खाच पाडतात. या खाचांची मापं ठरलेली आहेत. ८५ ते ९५ मिलिमीटरच्या शाफ्टला २५ रुंद आणि १४ उंच चावी लागते, आणि शाफ्टमधली खाच ९ मिलिमीटर खोल. व्यास ९५च्या पुढे गेला की चावी २८ बाय १६ची आणि खाच १० मिलिमीटर खोल. आता १०७च्या पोकळ शाफ्टची भिंत मोजा: पावणेअकरा मिलिमीटर. त्यात १० मिलिमीटरची खाच पाडल्यावर खाली पाऊण मिलिमीटर पोलाद उरतं. सगळा पीळ जिथे शाफ्टमध्ये शिरतो त्याच जागी भिंत पत्र्यासारखी उरली. पहिल्याच जोरदार सुरुवातीला ती फाटेल. ०.६ पट भोक असलेल्या शाफ्टला जवळपास १९ मिलिमीटरची भिंत आहे, खाच पाडून दहा उरते. तो चालेल. म्हणजे सूत्राने ०.८, ०.९ पर्यंत जायला मुभा दिली, तरी चावी आपल्याला ०.६ला थांबवते. तिच्यापुढे जायचं असेल तर टोकांना भरीव तुकडे वेल्ड करून लावायचे, किंवा फ्लँज वेल्ड करायचे, किंवा स्प्लाइन कापायचे. तिथे वेल्डिंगची गुणवत्ता तपासायचं नवं काम येतं, आणि वेल्डच्या कडेला तडा जाण्याची नवी जागा तयार होते.

बेअरिंगचंही असंच. या आकारात बेअरिंगची भोकं पाच-पाच मिलिमीटरने वाढतात. नव्वदला नंबरच्या शेवटी १८ येतं, पंचाण्णवला १९, एकशेदहाला २२. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं. हिशेबातला ९४.३चा शाफ्ट प्रत्यक्षात ९५चाच होणार, आणि १०७चा ११०चा. व्यास वाढला की बेअरिंग महागतं, त्याचं घर मोठं होतं, कपलिंगही मोठं घ्यावं लागतं. शाफ्टवर वाचवलेले पैसे बेअरिंगवाल्याकडे जातात.

आणि शाफ्टवर पैसे वाचतात का, हेही तपासून पाहावं. भरीव गज विकत घेऊन त्यात भोक पाडायचं असेल तर दुकानदार गजाच्या वजनाचे पैसे घेतो, शिल्लक राहिलेल्या शाफ्टच्या वजनाचे नाही. ९५चा गज मीटरला साडेपंचावन्न किलो भरतो. त्यातलं वीस किलो पोलाद तुम्ही मजुरी देऊन चुऱ्याच्या रूपात बाहेर काढता आणि भंगाराच्या भावाने विकता. दीड मीटर लांबीत ५७ मिलिमीटरचं भोक सरळ पाडणं हे साध्या लेथचं काम नाही. ड्रिल आत भरकटलं तर भोक एका बाजूला झुकतं, एका अंगाला भिंत जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ होते. तयार जाड भिंतीची सीमलेस नळी मिळाली तरच पोकळ शाफ्ट स्वस्त पडण्याची शक्यता. आणि मिल तर जमिनीवर काँक्रीटमध्ये रोवलेली आहे. तिथल्या शाफ्टचं वजन वीस-बावीस किलोने घटलं तर कुणाचंच काही वाचत नाही. माझ्या मते इथे नव्वदचा भरीव गज घ्यावा आणि तो विषय तिथेच संपवावा.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू दाखवणारा शाफ्ट पाहू. तो मुंबई-पुणे रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्याही ट्रकच्या पोटाखाली दिसतो. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट. तो कायम पोकळ असतो आणि तोही फार पातळ भिंतीचा. ९० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटरची भिंत असं उदाहरण घेऊ. एवढाच पीळ सोसणारा भरीव गज ५६ मिलिमीटरचा झाला असता. नळीचं वजन मीटरला साडेसहा किलो, गजाचं एकोणीसच्या वर. चालत्या गाडीवर तिप्पट वजन कुणालाच नको, हे उघड आहे. पण खरं कारण वजनाहून मोठं आहे.

कुठलाही लांब शाफ्ट अगदी सरळ कधीच नसतो. कणभर बाक, कणभर असमतोल असतोच. वेग वाढत गेला की एका ठरावीक वेगाला हा बाक स्वतःलाच वाढवू लागतो आणि शाफ्ट धनुष्यासारखा फुगून थरथरतो. हा त्याचा क्रिटिकल वेग. तो वेग पोलादाच्या वजनावर ठरत नाही. पोलाद मध्यापासून किती लांब पसरलं आहे, यावर ठरतो. दीड मीटर लांबीच्या ५६च्या भरीव गजाचा क्रिटिकल वेग मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे येतो. ट्रकचं डिझेल इंजिन अडीच हजारांपर्यंत जातं, वरच्या डायरेक्ट गिअरमध्ये प्रॉपेलर शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरतो, आणि ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याहून जास्त. म्हणजे भरीव गज धोक्याच्या वेशीवर उभा राहिला असता. त्याच लांबीच्या नळीचा क्रिटिकल वेग साडेसहा हजारांच्या आसपास आहे. तिला ती वेस दिसतही नाही.

लांबी मात्र इथे फार महाग पडते. शाफ्ट दुप्पट लांब केला तर क्रिटिकल वेग चौथाईवर येतो. तीच नळी तीन मीटरची केली तर साडेसहा हजारांचे सोळाशे-सतराशे होतात, आणि ट्रक धावायला लागताच ती कंप पावेल. म्हणून लांब चासीच्या गाड्यांना शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते बेअरिंग सैल झालं किंवा रबर फाटलं की शाफ्टची मोकळी लांबी जणू वाढते. ड्रायव्हरला ठरावीक वेगाला फरशीतून थरथर जाणवते, आणि गाडी उभी करून इंजिनचे फेरे वाढवले तर ती जाणवत नाही. त्यावरून दोष इंजिनात नसून शाफ्टमध्ये आहे हे समजतं. नळीवर वेल्ड केलेल्या छोट्या पट्ट्या दिसतात, त्या समतोलासाठी लावलेल्या असतात. दगड लागून त्यातली एखादी उडाली किंवा नळीला पोचा पडला, तरी हीच थरथर सुरू होते. पोचा ही पातळ नळीची खास दुखरी जागा आहे. भरीव गजाला तो पडतच नाही. पोचा पडलेली नळी ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलावी, कारण जास्त पिळाखाली ती नेमकी तिथूनच मुडपते.

बॉल मिलच्या शाफ्टला क्रिटिकल वेगाची काळजी का नाही, हेही आता लक्षात येईल. तो १५० फेऱ्यांनी फिरतो. त्याचा क्रिटिकल वेग हजारोंमध्ये आहे. त्याच्या आयुष्यात फक्त पिळाला महत्त्व आहे, आणि ट्रकच्या शाफ्टच्या आयुष्यात पिळाबरोबर वेगालाही. शक्ती आणि वेग एवढंच सांगून व्यास विचारणारा प्रश्न त्यामुळे अर्धाच असतो. वेग एकदा पीळ काढायला वापरायचा आणि व्यास ठरल्यावर पुन्हा एकदा थरथर तपासायला.

शाफ्ट तुटलाच तर तुटलेल्या तोंडाकडे पाहून पुष्कळ कळतं. तोंड शाफ्टला काटकोनात, सपाट आणि पिळलेलं दिसत असेल तर एकदाच प्रमाणाबाहेर पीळ आला. पिंप अडकला असेल, दात्यांत काही सापडलं असेल. तडा चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघून पंचेचाळीस अंशांत नागमोडी चढत गेला असेल आणि तुटलेल्या तोंडावर एकामागून एक वळणदार रेषा दिसत असतील, तर तो महिनोन्‌महिने थोडा थोडा चिरत होता. अशा वेळी जाड शाफ्ट घालण्याआधी खाचेचा कोपरा गोल केला आहे का ते पाहावं. पोकळ शाफ्टमध्ये तिसरी शक्यता असते: टोकं नीट बंद नसतील तर आत पाणी साचतं, गंज आतून खातो, आणि बाहेरून रंग चकचकीत असतो. भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने परिघावर तीन-चार ठिकाणी मोजली तर गंजही सापडतो आणि भरकटलेलं भोकही.

आणखी एक जात आहे जिथे वजनाचा प्रश्नच नसतो आणि तरी शाफ्ट पोकळ असतो. लेथचा स्पिंडल पोकळ असतो, कारण लांब गज मागून त्याच्या पोटातून सरकवून चकमध्ये धरायचा असतो. पाती फिरवता येणाऱ्या जहाजी पंख्याच्या शाफ्टमधून तेलाच्या नळ्या जातात. विजेच्या मोठ्या टर्बाइनचे रोटर ओतीव पोलादाच्या भल्यामोठ्या ठोकळ्यापासून घडवताना मधोमध भोक पाडण्याची पद्धत दीर्घकाळ होती, कारण ओतीव ठोकळा थिजताना त्याच्या मध्यावर अशुद्ध द्रव्यं आणि पोकळ्या गोळा होतात. भोकाने ते दूषित पोलाद निघून जायचं, आणि आत उपकरण घालून उरलेल्या पोलादात चिरा आहेत का ते तपासता यायचं. तिथे टर्बाइनवाल्याला भोकाचा नेमका उपयोग ठाऊक असतो, आणि जो सोळावा हिस्सा सोडावा लागतो तो तो आनंदाने सोडतो.